जाहिरातीतली खरी अट

गडचिरोलीत मी सामूहिक वनहक्काच्या नकाशांचं काम करतो. इंटर्न हवे असले की जाहिरातीचा मसुदाही बहुतेकदा माझ्याच गळ्यात पडतो. त्यामुळे कॉलेजातली पोरं मोबाइल पुढे करून ‘सर, भरू का फॉर्म?’ असं विचारतात, तेव्हा ती जाहिरात कशी शिजली असेल याचा मला अंदाज असतो. कौशल्यांची यादी मागच्या वर्षीच्या फाइलमधून उचललेली असते. तिच्यात निधी देणाऱ्याच्या नमुन्यातली एखादी ओळ शिरते, आणि बैठकीत कुणीतरी ‘तेही टाका’ म्हणतं. ‘जबाबदाऱ्या’ हा परिच्छेद मात्र जपून लिहिला जातो, कारण ती कामं खरोखरच करून घ्यायची असतात. म्हणून मी मुलांना आधी जबाबदाऱ्या वाचायला सांगतो आणि मग प्रत्येक कौशल्य कोणत्या कामाला लागणार ते जुळवायला लावतो.

नमुन्यादाखल आमच्याकडे निघते तशी एक जाहिरात घेऊ. काम सहा महिन्यांचं, भामरागड-एटापल्लीकडच्या गावांत. जबाबदाऱ्या तीन: ग्रामसभेसोबत फिरून वनक्षेत्राच्या सीमेचे जीपीएस बिंदू घेणं, गौणवनोपजाची माहिती लोकांकडून नोंदवणं आणि वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली नकाशे तयार करणं. आवश्यक म्हणून पदवी किंवा पदवीचं शेवटचं वर्ष, क्यूजीआयएस आणि एक्सेल. प्राधान्य म्हणून माडिया-गोंडी, दुचाकीचा परवाना, एक वर्षाचा अनुभव आणि ‘आर’ ही संगणकभाषा.

कागदावर क्यूजीआयएस वर आहे आणि माडिया खाली. कामाशी जुळवलं की चित्र उलटतं. तेंदूपत्ता कुठे तोडता, मोहाची झाडं कुणाच्या वाट्याची, हे म्हातारी माणसं माडियात सांगतात. ती येत नसेल तर प्रत्येक वाक्याला दुभाष्या लागतो आणि अर्धी माहिती वाटेतच गळते. सहा महिन्यांत ती भाषा कामापुरतीही येणं कठीण. परवान्याचंही तसंच, कारण बस पोहोचत नाही अशा पाड्यांवर कुणी ना कुणी गाडी चालवायलाच हवी. क्यूजीआयएस मात्र फुकट मिळतं, आणि ‘मार्गदर्शनाखाली’ हा शब्द सांगतो की शिकवणारं माणूस तिथे आहे. तोच शब्द जाऊन तिथे ‘स्वतंत्रपणे’ आला असता, तर नवख्याला मी थांबवलं असतं. ‘आर’ला तिन्ही कामांत जागा नाही, ते सोडून द्यायचं. अनुभवाची अट प्राधान्यात आहे, म्हणजे अनुभवी माणूस मिळाला तर बरं, एवढाच तिचा अर्थ.

पदवीची अट वेगळ्या जातीची. वय, शिक्षण, अधिवास या गोष्टी कामाशी जुळवत बसायच्या नसतात, त्या छाननीत तपासल्या जातात. २०२४ साली आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत वय १८ ते ३५ होतं. छत्तिसाव्या वर्षी कितीही कौशल्य असलं तरी तिथे उपयोग नाही. लहान संस्थांमध्ये पदवीच्या विषयाबाबत थोडी सूट मिळते, पण ती फोन करून विचारावी, गृहीत धरू नये.

एटापल्लीकडची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी अशीच जाहिरात घेऊन आली होती. माडिया घरचीच, परवाना होता, एक्सेल जेमतेम, क्यूजीआयएस कधी उघडलेलं नव्हतं. ‘आवश्यक’मधलंच येत नाही म्हणून ती फॉर्म भरणार नव्हती. मी तिला भरायला लावलं, आणि त्याआधी एक काम दिलं: मोबाइल घेऊन गावच्या तळ्याभोवती फिर, वाट नोंदव, ती क्यूजीआयएसमध्ये उघड, तिचा बहुभुज कर आणि क्षेत्रफळ काढ. पहिलं उत्तर आलं ते शून्य पूर्णांकानंतर शून्यांची रांग. अक्षांश-रेखांशाच्या अंशांतच क्षेत्रफळ मोजलं की असं होतं. २००९ साली सामूहिक हक्क मिळालेल्या मेंढा-लेखाचं सुमारे १८०० हेक्टर जंगलही त्या हिशेबात ०.००१६च्या आसपास भरेल. मीटरमध्ये मोजणारी प्रक्षेपण पद्धत निवडावी लागते. आपल्या गडचिरोली जिल्ह्याला यूटीएमचा ४४ उत्तर हा पट्टा चालतो. आकडा पाहून तिला आपणहून शंका आली, हे तिला पद्धत माहीत असण्यापेक्षा मला मोलाचं वाटलं. चुकलेलं क्षेत्रफळ ग्रामसभेच्या आराखड्यात गेलं की पुढचे सगळे हिशेब त्यावरच चढतात.

अर्जात तिने ‘क्यूजीआयएसचे मूलभूत ज्ञान’ असं लिहिलं होतं. ते खोडून आम्ही केलेलं काम लिहिलं: तळ्याची सीमा नोंदवली, क्षेत्रफळ काढलं, नकाशा सोबत जोडला आहे. माडिया आणि परवाना अगदी पहिल्या ओळीत आणले.

त्या जाहिरातीत मानधनाचा आकडा होता, पण राहण्याची सोय आणि पेट्रोल कुणाचं, याचा उल्लेख नव्हता. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावरून गेलं की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा मुक्काम कुठे करायचा हा प्रश्नही उरतोच. ते प्रश्न तिने अर्ज पाठवायच्या आधी फोनवर विचारले.