तडा गेलेला तानपुरा आणि १३,९५० रुपये

कुरिअरने आलेली वस्तू फुटकी निघाली की आपण आधी फोनवर भांडतो. माझं ऐकाल तर त्या वेळी फोन बाजूला ठेवा आणि कागद गोळा करायला लागा. नुकसानभरपाई मिळते ती कागदावर. बडोद्यात बसून मी ती कशी मिळवली, ते सांगते.

लेकीसाठी मिरजेच्या एका कारागिरांकडून तानपुरा मागवला होता. किंमत २८,००० रुपये. त्यांनी तो लाकडी पेटीत, गवत भरून पाठवला. पेटी दारात आली तेव्हा एक कोपरा फुटलेला होता आणि हलवली की आत काहीतरी खडखडत होतं. "ताई, आधी सही करा, मग उघडा," डिलिव्हरीवाला म्हणाला. मी म्हटलं, "दादा, सही करते, पण वर दोन ओळी लिहून." पावतीच्या त्याच्या प्रतीवर लिहिलं, 'पेटीचा कोपरा फुटलेला, आतून आवाज येतो, न उघडता स्वीकारली.' मग तारीख, वेळ आणि सही. त्याचाही फोटो काढून ठेवला. नुसती सही केली की 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' असा अर्थ लावला जातो. सही मोबाइलवर घेतली आणि शेरा लिहायला जागाच नसेल, तर त्याच दिवशी तेच शब्द ईमेलने कळवा.

पेटी उघडताना यजमानांनी सलग व्हिडिओ घेतला. आधी डॉकेट नंबराचं लेबल, मग फुटका कोपरा, मग आतला तानपुरा. भोपळ्याला वीतभर तडा होता आणि तबली सांध्यातून सुटली होती. पेटी, गवत, काही टाकलं नाही, कारण कंपनीचा माणूस पाहणीला आला की पहिला प्रश्न असतो, "पॅकिंग कुठे आहे?" पॅकिंग नसेल तर दोष पॅकिंगवर ढकलणं सोपं होतं.

आता रक्कम. संतापाच्या भरात २८,००० लिहावेसे वाटतात. पण तानपुरा दुरुस्त होण्यासारखा होता, आणि दुरुस्त होणाऱ्या वस्तूची पूर्ण किंमत मागितली की सगळा दावाच लोंबकळतो. मी मिरजेला फोटो पाठवले आणि दुरुस्तीचा लेखी अंदाज मागवला. पत्रात हिशेब असा दिला:

भोपळा, तबली व पॉलिश: ८,५०० रुपये (कारागिरांचा अंदाज)
मिरजेला पाठवणे व परत आणणे: ३,६०० रुपये (वाहतुकीचं कोटेशन)
मूळ कुरिअर खर्च: १,८५० रुपये (पावती)
एकूण: १३,९५० रुपये

प्रत्येक रकमेपुढे तिचा कागद होता. सोबत तानपुऱ्याचं बिल, डॉकेट, शेऱ्याची पावती, फोटो आणि व्हिडिओ जोडले. आणखी एक कागद लोक विसरतात, तो म्हणजे पाठवणाऱ्याचं संमतिपत्र. कुरिअरशी करार झालेला असतो पाठवणाऱ्याचा, म्हणून कंपनी सहसा दावाही त्याच्याकडूनच मागते. कारागिरांनी लिहून दिलं, 'ही भरपाई घेण्यास माझी हरकत नाही.' पत्राच्या शेवटी मी उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत दिली.

उत्तर आलं, "पावतीमागील अटींनुसार जास्तीत जास्त १,००० रुपये मिळतील."

इथे बरेच जण हात टेकतात. अशी अट नेहमीच पोकळ नसते. पाठवणाऱ्याने सही केलेल्या पावतीवरची मर्यादा त्याच्यावर बंधनकारक असते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच म्हटलं आहे. म्हणून मी डॉकेट पुन्हा वाचलं. त्यावर 'जाहीर किंमत २८,०००' असं होतं, आणि खाली 'जोखीम आकार ५६०' भरलेला होता. कंपनीच्याच अटीत लिहिलं होतं की १,००० ची मर्यादा फक्त 'मालकाच्या जोखमीवर' पाठवलेल्या मालाला आहे. मी त्या दोन ओळींवर लाल खूण करून फोटो पाठवला, बाकी एक शब्दही जास्त लिहिला नाही.

४१व्या दिवशी खात्यात १२,१०० रुपये आले. मूळ कुरिअर खर्च त्यांनी दिला नाही आणि मीही तिथेच थांबले. नाहीतर पुढची वाट ठरलेली होती. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. तिथे नुकसान झाल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्याच जिल्ह्यात, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

पुढच्या वेळी मोलाची वस्तू पाठवताना काउंटरवर एवढंच विचारा, "जोखीम कुणाची?" उत्तर 'मालकाची' असेल, तर जोखीम आकार भरा आणि तो डॉकेटवर लिहून घ्या. आमच्या बाबतीत त्या ५६० रुपयांनीच १,००० चे १२,१०० केले.