कलम सातवे

पुतण्याने पंप पुरविण्याच्या निविदेचे उत्तर माझ्यापुढे टाकले. भाषा मोठी गोड! मागची निविदा अशाच गोडव्याने बुडाली होती. मी तांबडी पेन्सिल घेतली.

कलम 7 म्हणत होते, "बिघाड 48 तासांत दुरुस्त करावा व सुटे भाग 5 वर्षे पुरवावेत." याचे उत्तर अकराव्या पानावर : "तत्पर सेवा". तपासणारा कलमवार तक्ता घेऊन बसतो. सातव्या कलमापुढे उत्तर दिसले नाही, की फुली!

मी उत्तर सातव्या जागी आणले आणि मागण्या दोन म्हणून वाक्येही दोन केली, त्यांच्याच शब्दांत. "बिघाड 48 तासांत दुरुस्त करू." दुसऱ्यापाशी पुतण्या अडखळला.

"काका, सुट्या भागांचे कंपनीला विचारलेच नाही."

गोडव्याने हेच झाकले होते. "मग आधी तिचे पत्र आण," मी म्हटले.