काकांना दिलेलं दुसरं पत्र

जुन्या जालन्यात एका जुन्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. घरमालक काका खालीच राहतात. भिंतींना रंग द्यायचा होता, पुस्तकांसाठी फळ्या ठोकायच्या होत्या. तोंडी विचारलं असतं तरी ते नाही म्हणाले नसते. तरीही मी पत्र लिहिलं. मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूनं पक्कं बांधकाम केलं, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे मालक जागेचा ताबा मागू शकतो. चार फळ्या म्हणजे काही पक्कं बांधकाम नव्हे. पण भांडण होतं ते घर सोडताना, आणि तोवर तोंडी बोलणं दोघांच्या आठवणीत वेगवेगळं झालेलं असतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, "निळा डिस्टेंपर देईन, जाताना पुन्हा पांढरा चुना मारून देईन." पत्र द्यायच्या आधी सहज ओलं बोट भिंतीवर घासलं. बोट पांढरं झालं. म्हणजे थरावर थर चढलेला चुनाच होता. अशा भुकटीवर डिस्टेंपर फार दिवस धरत नाही, त्याचे पापुद्रे सुटतात. बरं, डिस्टेंपर बसला तरी त्यावर पुन्हा चुना धरत नाही. शिवाय पावसाळ्यात या भिंती ओल पितात आणि चुन्यातून ती हळूहळू बाहेर टाकतात. वरून तेलकट रंग बसला की ओल आत कोंडते आणि गिलावा फुगतो. मी जे वचन देत होतो, ते मला पाळताच आलं नसतं. पत्र फाडलं.

मग बोटाच्या पेरानं भिंत वाजवत फिरलो. दोन ठिकाणी पोकळ आवाज आला, म्हणजे तिथला गिलावा सुटलेला होता. विटांच्या सांध्यांत मातीच होती. तिथं ड्रिल लावलं तर भोक ढासळतं, स्क्रूची गुल्ली धरत नाही. समोरच मात्र दोन खोल कोनाडे रिकामे होते.

दुसरं पत्र असं झालं:

"ती. काका, सा. न. भिंतींना चुन्यातच थोडी पिवडी कालवून दोन हात देऊ का? जाताना माझ्या खर्चानं पांढऱ्या चुन्याचे हात मारून देईन. एका हातात पिवळा झाकला नाही तर दुसरा, तिसरा देईन. फळ्या कोनाड्यांत नुसत्या बसवीन, भिंतीला एकही भोक पाडणार नाही. बाकीची पुस्तकं जमिनीवरच्या घोडीत राहतील. भिंतींचे आजचे फोटो सोबत जोडले आहेत. गिलावा दोन जागी आधीच सुटलेला आहे, तिथं खूण केली आहे. मंजूर असेल तर दोन्ही प्रतींवर सही करावी."

काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. दोन्ही प्रतींवर सही केली, आणि खाली स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: सुटलेला गिलावा दिवाळीआधी मी करून देईन.