टायरातला नत्र

आज पिकाचं काही नाही, टायरचं आहे. मागच्या मे महिन्यात आमच्या पिकअपचा मागचा टायर भरल्या गाडीत फुटला. तेव्हापासून टायरातल्या नायट्रोजनच्या मागे लागलो होतो. जे कळलं ते इथं लिहून ठेवतो.

पिकअपला मागचे दोन टायर नवे टाकले, ट्यूबलेस. टायरवाल्यानं सांगितलं, "तात्या, नायट्रोजन भरून घ्या. उन्हाळ्यात गरम होत नाही, फुगत नाही, आणि सारखी हवा बघायची कटकट नाही." चाकाला पन्नास रुपये. व्हॉल्व्हला हिरव्या टोप्या लावून दिल्या. आठ-दहा हजारांच्या टायरला पन्नास रुपये म्हणजे काही नाही, असं म्हणून मी दिले.

पुढं आठवड्याभरात पुतण्या संगमनेरकडून कोंबडखत भरून येत होता. दुपारची वेळ, डांबर वितळायला आलेलं. चहाला थांबला तेव्हा त्यानं शेजारच्या पंक्चरवाल्याकडून सहज हवा तपासली. भरलेली ५५, गेज दाखवतंय ६२. नायट्रोजन फुगत नाही हे त्यानं ऐकलेलं, म्हणून त्याला वाटलं टायरवाल्यानंच जास्त भरली. दोन्ही मागच्या चाकांतून सोडून ५५ वर आणली. वर आम्ही तीन आठवडे गेज लावलाच नाही, कारण बघायची कटकट नाही ना.

तिसऱ्या आठवड्यात तसलीच खेप, नांदूर शिंगोटेच्या पुढं, भर दुपारी डावा मागचा गेला. गाडी साइडपट्टीवर उतरली आणि बाभळीच्या अलीकडे थांबली. पोरगं वाचलं. मालही थोडा जास्तच भरला होता, तेही कबूल करतो.

फुटलेल्या टायरचं प्रेशर मोजता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उजवा मागचा मोजला, तो ४६ निघाला. आणि फुटलेला टायर रिमवरून उतरवला तेव्हा आतून काळी रबराची पूड पडली, मूठभर. आतल्या बाजूनं, दोन्ही कडांना, गोल फिरलेला घासलेला पट्टा होता. ही खूण लक्षात ठेवा. कमी हवेवर भरल्या गाडीचा टायर चालला की त्याची बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडते आणि सरळ होते. त्या दुमडण्यानंच तो तापतो. खिळ्यानं किंवा दगडानं फुटलेल्या टायरात अशी पूड नसते. आमच्या टायरचा व्हॉल्व्हही बारीक गळत असावा, म्हणून तो उजव्यापेक्षा खाली गेलेला.

टायरवाल्याला दाखवलं तर म्हणाला, "मधे कुठं साधी हवा भरली का? मिक्स झालं असेल." आम्ही काहीच भरलेलं नव्हतं. आणि भरली असती तरी काय बिघडलं असतं? आपण श्वास घेतो त्या हवेत ७८ टक्के नत्रच आहे. २१ टक्के ऑक्सिजन, बाकी थोडं इतर. पंपावरचं मशीनही ह्याच हवेतून ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ बाजूला काढतं, आणि ९५ टक्क्यांच्या आसपासचा नत्र देतं. म्हणजे आपण पन्नास रुपये देतो ते ७८ चे ९५ करायला. नत्राला साधी हवा चालत नाही ही भीती बिनबुडाची आहे. काहीही होत नाही, फक्त टक्का थोडा उतरतो.

आता फुगण्याचं. ह्यात गणित आहे, पण सोपं. गेज ५५ दाखवतो तेव्हा तो बाहेरच्या हवेचा दाब धरत नाही. तो साधारण १५ असतो. म्हणजे टायरात खरे ७० आहेत. वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो, आणि ते तापमान २७३ मिळवून मोजायचं. पहाटेचे २७ अंश म्हणजे ३००. टायर आतून ५७ अंशांवर गेला म्हणजे ३३०. दहावा हिस्सा वाढला. ७० चा दहावा हिस्सा ७. म्हणून ५५ चे ६२. नत्र असो, ऑक्सिजन असो, साधी हवा असो, हा हिशेब सगळ्यांना सारखाच. पुतण्याला दिसलेला ६२ अगदी बरोबर होता. टायर कंपनी ५५ सांगते ते थंड टायरचे. गरम झाल्यावर वाढणार हे त्यात धरलेलंच असतं.

उलटा हिशेब करा. गरम असताना ५५ वर आणलं, म्हणजे आत खरे ७० ठेवले. रात्री टायर थंड झाला, ७० चे ६३ ते ६४ झाले, त्यातून बाहेरचे १५ वजा करा. उरले ४८-४९. भरल्या गाडीला सहा-सात कमी. त्यात तीन आठवड्यांची गळती. उजव्यात ४६ निघाले ते असे.

तरी मला स्वतःला बघायचं होतं. नव्या जोडीत मुद्दाम डाव्यात नायट्रोजन भरला, उजव्यात साधी हवा. आठशे रुपयांचा चांगला गेज घेतला. पहाटे दोन्ही ५५ केले आणि तीच संगमनेरची खेप मारली. परतताना दोन्ही ६२. पुढच्या खेपेला डावा ६१, उजवा ६२. गाडीच्या कुठल्या बाजूला ऊन होतं ह्याचाच तो फरक असेल.

मग नायट्रोजनचा फायदा काहीच नाही का? आहे, पण वेगळ्या जागी. रबरातून वायू हळूहळू झिरपतो, आणि ऑक्सिजन नत्राच्या तीन-चार पट वेगानं झिरपतो. म्हणून नायट्रोजनचा टायर सावकाश उतरतो. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स नावाच्या ग्राहक मासिकानं ३१ प्रकारचे टायर ३० वर भरून वर्षभर नुसते उघड्यावर ठेवले होते. साध्या हवेचे सरासरी ३.५ नं उतरले, नायट्रोजनचे २.२ नं. म्हणजे फरक खरा आहे, पण वर्षाला सव्वा-दीडचा. दोन्ही उतरतातच. बघायची गरज नाही असं कुठल्याच टायरबद्दल म्हणता येत नाही. माझ्या पुढच्या चाकांत सहा महिन्यांत साध्या हवेचा दोननं उतरला आणि नायट्रोजनचा एकनं. त्याच काळात स्टेपनी बारानं उतरली, व्हॉल्व्हच्या पिनेतून. पिनेवर थुंकी लावली तर बुडबुडा येत होता. वीस रुपयांची पिन बदलली, गळती बंद. गळक्या व्हॉल्व्हसमोर वायू कुठला ह्याला काही अर्थ उरत नाही.

दुसरा फायदा कोरडेपणाचा, आणि आपल्या भागात हा मला मोठा वाटतो. गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पावसाळ्यात पाणी साठतं. खालची चावी उघडून ते रोज काढायचं असतं, पण काढतो कोण. ते पाणी हवेबरोबर टायरात जातं. टायर तापला की त्याची वाफ होते आणि ५७ अंशाला ती वरच्या हिशेबापेक्षा आणखी दोनेक नं दाब वाढवते. ट्यूबलेसमध्ये लोखंडी रिमही आतून गंजते. नायट्रोजन कोरडा असतो म्हणून हे टळतं. पण कोरडी साधी हवा भरली तरी तेवढंच टळतं. मी आता हवा भरायच्या आधी नळीचं तोंड तळहातावर दोन सेकंद सोडून बघतो. तळहात ओला झाला तर पुढच्या दुकानात जातो.

रबराचं वय वाढतं म्हणतात. ऑक्सिजननं रबर आतून कडक होतं हे खरं आहे. पण आपल्या पिकअपचा टायर दोन-तीन वर्षांत वरून झिजूनच संपतो, तिथवर आतलं रबर टिकतंच. आणि वर्षातून आठ महिने उभ्या असणाऱ्या ट्रॉलीच्या टायरला भेगा पडतात त्या बाहेरून, उन्हानं. आत नत्र भरून बाहेरचं ऊन कसं थांबणार? त्यावर गोणपाट टाका. मायलेज वाढतं म्हणतात तेही तसंच. हवा बरोबर असेल तर मायलेज मिळतं, कुठल्याही वायूनं.

नायट्रोजन खरोखर लागतो तो विमानाला. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकोत एका विमानाचा ब्रेक तापला. त्या टायरात नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. टायर आकाशात फुटला, विमान पडलं आणि सगळे १६७ जण गेले. एवढ्या तापमानाला आतलं रबर वायू सोडतं आणि ऑक्सिजन मिळाला की तो पेटतो. म्हणून अमेरिकेच्या विमान नियमात टायरातला ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या वर चालत नाही. आपले टायर त्या तापमानाच्या जवळपासही जात नाहीत.

ट्रॅक्टरबद्दल दोघांनी विचारलं होतं. माझ्या मागच्या टायरांत वजनासाठी पाणी भरलेलं आहे, चाकाला दोनशे लिटरच्या आसपास. वरच्या थोड्या जागेत नायट्रोजन भरून कोरडेपणा कुठून येणार? शिवाय ट्यूब आहे, म्हणजे वायू रिमला लागतच नाही. आणि तिथं हवा जाते ती बाभळीच्या काट्यानं.

कारच्या एका टायरातला नत्र वजनात सव्वाशे ग्रॅमच्या आत भरतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत वीस किलोच्या वर असतो. हे पुतण्याला सांगितलं तर म्हणाला, "तात्या, मग टायरात युरियाच भरू."

हिरव्या टोप्या काढलेल्या नाहीत. पंपावर फुकट हवा चालू असेल तर ती भरतो, बंद असेल आणि नायट्रोजन दहा-वीस रुपयांत मिळत असेल तर तोही भरतो. गेज गाडीच्या कप्प्यात असतो आणि दर रविवारी पहाटे, गाडी हलायच्या आधी, पुतण्या पाचही चाकं मोजून वहीत लिहितो. वाटेत गरम टायरातून हवा सोडायची नाही, एवढं त्याला सांगून ठेवलंय. तुमच्यापैकी कुणी पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा मोजलं असेल तर गाडी रिकामी होती की भरलेली, हे लिहून आकडे खाली टाका.