गोठ्याची जमीन आधी, पत्रे नंतर

विष्णुपुरीत आमचं घर धरणाच्या पाण्यापासून फार लांब नाही. जमीन काळी, भारी. ऊस आणि केळीला ती सोन्यासारखी, पण तिच्यावर काही बांधायचं म्हटलं की त्रास. आमच्या जुन्या गोठ्यात शहाबादी फरशी होती. ती सरळ काळ्या मातीवर थोडा मुरूम टाकून बसवलेली. उन्हाळ्यात माती आकसायची, भेगा पडायच्या, फरशी खाली बसायची. पावसाळ्यात माती फुगायची आणि तीच फरशी एका कडेने वर यायची. सांधे उघडे पडले की मूत त्यात मुरायचं. वरून कितीही धुतलं तरी वास जायचा नाही आणि माश्या हटायच्या नाहीत.

घरी दोन होस्टन संकरित गायी, तीन म्हशी आणि सासऱ्यांच्या वेळेपासूनच्या वाणाची एक लाल कंधारी. धारा मी काढते, त्यामुळे जनावर किती माखलंय ते सगळ्यात आधी माझ्या हाताला कळतं. एका पावसाळ्यात मोठ्या गाईला दगडी झाली. उपचार केले, गाय वाचली, पण मागचा एक सड कायमचा गेला. नंतर दुसऱ्या गाईच्या दुधातही गुठळ्या दिसल्या, तेव्हा मात्र मी घाबरले. वरचे पैसे त्याच दोघींवर येत होते.

औषध द्यायला आलेल्या डॉक्टरांनी सुई भरायच्या आधी एक गोष्ट दाखवली. म्हणाले, “ताई, जनावराला शेण कुठं लागलंय ते बघा. गोठ्यात काय बिघडलंय ते तिथंच लिहिलेलं असतं.” आमच्या गायींच्या मांड्या, कासेची मागची बाजू आणि शेपटीचा गोंडा पार माखलेला होता. म्हणजे शेण नालीत न पडता उभं राहायच्या जागेवरच पडतंय आणि गाय त्यातच बसतेय. मागचे खूर सतत ओले आणि मऊ असतील तर जागा आखूड आहे, जनावर नालीत उभं राहतंय. पुढचे गुडघे ओले असतील तर गव्हाणीकडून पाणी सांडतंय. त्यांनी हे सांगितल्यापासून मी रोज पहाटे आधी जनावरांकडे बघते, मग भांडी घेते.

मग आम्ही जुनी जागा मोजली. गव्हाणीपासून नालीपर्यंत जवळजवळ सात फूट निघाली. मोठ्या गाईचं अंग, खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंत, सव्वापाच फुटांच्या आत. मागे दीड-पावणेदोन फूट जागा रिकामी राहत होती आणि सगळं शेण तिथंच साठत होतं. लाल कंधारीच्या मागे तर त्याहून जास्त. इतकी वर्षं आम्ही मोठी जागा म्हणजे जनावराला आराम असं समजत होतो. बांधलेल्या जनावराच्या बाबतीत ते खरं नाही.

नवा गोठा रोजगार हमीच्या मापाने करायचं ठरलं. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेच्या ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयात सहा गुरांसाठी ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद गोठा आणि २५० लिटरचं मूत्रसंचय टाकं दिलेलं आहे. आमच्या हिशोबात ते सव्वापंचवीस फूट बाय साडेअकरा फूट. एका जनावराला चार फुटांपेक्षा थोडी जास्त रुंदी येते, तेवढी पुरते. आडव्या साडेअकरा फुटांची वाटणी आम्ही अशी केली: गव्हाण भिंतींसकट पावणेतीन फूट, उभं राहायची जागा साडेपाच फूट, नाली एक फूट आणि मागे यायला-जायला सव्वादोन फूट. वैरण बाहेरून टाकायची, म्हणून आत वैरणीची वाट ठेवली नाही. गव्हाणीवर पत्रे दोन फूट पुढे काढले, नाहीतर पावसात वैरण भिजली असती.

यात एक अडचण होती. साडेपाच फूट होस्टनला बरोबर, पण लाल कंधारीला जास्त. त्यावर आमच्या मिस्त्रीनेच उपाय काढला. “अक्का, नाली थोडी तिरकी घेऊ. या टोकाला साडेपाच, त्या टोकाला पावणेपाच. मोठी जनावरं इकडं बांधा, बारकी तिकडं.” तसंच केलं. दोन्ही गायी रुंद टोकाला, म्हशी मधे आणि लाल कंधारी शेवटी. सहाही जणींचं शेण आता बहुतेक वेळा नालीतच पडतं.

सगळ्यात जास्त मेहनत आणि पैसा दिसत नाही अशा ठिकाणी गेला. दोन फूट काळी माती उकरून बाहेर काढली, तीही गोठ्याच्या मापापेक्षा चारी बाजूंनी दोन फूट जास्त. त्यात मुरूम भरला. एकदम ट्रॉली ओतून नाही, अर्ध्या-पाऊण फुटाचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचं, मग पुढचा थर. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट वर घेतलं. भराव उन्हाळ्यात झाला, पण काँक्रीट आम्ही दिवाळीनंतर केलं. मधला पावसाळा जनावरांना ताडपत्रीखाली काढावा लागला आणि माझी खूप चिडचिड झाली. पण पावसात एका कोपऱ्यात भराव खाली बसला. काँक्रीट आधी केलं असतं तर तिथंच तडा गेला असता. तो कोपरा पुन्हा भरून ठोकला.

उतार कसा द्यायचा हे नीट सांगते, कारण बहुतेक गोठे इथंच चुकतात. साडेपाच फुटांत गव्हाणीकडून नालीकडे दीड इंच. एवढाच. म्हणजे साधारण चाळीस-पंचेचाळीस फुटांना एक फूट. याहून कमी घेतला तर मूत जागीच थांबतं. जास्त घेतला तर जनावराचा भार मागच्या पायांवर येतो, आणि गाभण जनावर शेवटच्या महिन्यांत असेल तर अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. दुसरं म्हणजे उतार वरच्या गिलाव्यात द्यायचा नाही, मुरमातच द्यायचा. मिस्त्रीने पाण्याच्या लेव्हल नळीने खुणा घेतल्या, दोरी ताणली आणि मुरूमच उतरता ठोकला. त्यावर दगडाचं सोलिंग आणि सगळीकडे सारखं चार इंच काँक्रीट. उतार वरून दिला असता तर एका कडेला काँक्रीट पातळ पडलं असतं, आणि खुरांखाली पातळ जागाच आधी फुटते. दर दोन जनावरांमागे एक सांधा ठेवून त्यात डांबर भरलं, म्हणजे खाली माती हललीच तर तडा सांध्यात जाईल.

शेवटी निरू मारून घोटायची सवय गवंड्यांना असते. घरात ते शोभतं, गोठ्यात जनावर घसरतं. पुढच्या अर्ध्या भागावर आम्ही खराट्याने ओरखडे काढले. मागच्या भागात काँक्रीट ओलं असताना सळई दाबून चार-चार इंचांवर बोटाच्या रुंदीपेक्षा कमी अशा रेघा पाडल्या, सगळ्या नालीच्या दिशेने. पायाला पकडही मिळते आणि मूतही त्यातून वाहतं. दोन आठवडे गोणपाट ओलं ठेवलं. जनावरं बांधायच्या आधी रेघांच्या धारदार कडा विटेने घासल्या आणि चार-पाचदा धुऊन काढलं. नव्या काँक्रीटचा चुना आणि कडा खुरांना त्रास देतात. हे केलं नाही तर आठवड्यात जनावर लंगडतं.

धुताना एक परीक्षा करता येते. गव्हाणीजवळ बादली ओतायची आणि पाणी वाहून गेल्यावर जिथं डबकं राहील तिथं कोळशाने खूण करायची. आमच्याकडे तिसऱ्या जागेवर ताटाएवढं डबकं राहिलं. तेवढा भाग टाचून पुन्हा भरला.

नाली एक फूट रुंद ठेवली, कारण घरचं फावडं दहा इंचांचं आहे. नालीचा तळ गोलसर. सुरुवातीला खोली दोन इंच, शेवटी पाच. पंचवीस फुटांत तीन इंच उतार पुरतो. यापेक्षा खोल केली तर जनावराचा पाय मुरगळतो. वर झाकण किंवा जाळी टाकलेली नाही. झाकलेली नाली कुणी साफ करत नाही. मागच्या वाटेचा उतारही नालीकडेच आहे.

जुनी गव्हाण अडीच फूट उंच आणि आतून चौकोनी होती. जनावर मान वर करून खायचं, वैरण उडवायचं, ती पायाखाली येऊन शेणात मिसळायची. कोपऱ्यात राहिलेलं पेंडीचं पीठ आंबायचं. नव्या गव्हाणीचा तळ खुरांच्या पातळीपेक्षा अर्धा फूट वर आहे. जनावराकडची भिंत वीस इंच, बाहेरची अडीच फूट. आतले कोपरे गोल, आणि इथं मात्र निरू मारून गुळगुळीत केलं. मुरघासाच्या आंबटपणाने सिमेंट हळूहळू खरखरीत होतं, म्हणून जमेल तेव्हा आतून फरशी लावायची आहे. एका टोकाला उतार आणि बूच लावलेलं भोक आहे. पाण्याच्या कुंड्या बाहेरच्या भिंतीला आहेत, त्यामुळे पाणी सांडलं तर गव्हाणीत सांडतं, जनावराच्या गुडघ्यांखाली नाही.

धार झाल्यावर लगेच वैरण टाकते. सडाचं तोंड धारेनंतर साधारण अर्धा तास उघडं असतं, तेवढा वेळ जनावर उभं राहिलं पाहिजे. हे जुन्या गोठ्यातही करता आलं असतं, पण तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

सगळं सुटलं असं नाही. श्रावणात हवा इतकी दमट असते की धुतलेलं काँक्रीट दुपारपर्यंत वाळत नाही. त्या दिवसांत शेण फावड्याने ओढून नुसतं झाडते, पाणी कमीत कमी वापरते. काँक्रीट कडक असल्याने मोठ्या गाईच्या गुडघ्याला सूज आली होती, म्हणून दोन्ही गायींखाली रबरी मॅट टाकली. मॅटखाली मूत साचतं. आठवड्याला ती उचलून खालची जागा धुवावी लागते, नाहीतर वरून कोरडं दिसतं आणि खाली कुजतं.

टाक्याचाही हिशोब आधी समजून घ्यावा. मोठं जनावर दिवसाला दहा ते पंधरा लिटर मूत टाकतं. सहा जनावरांचं धरलं तर २५० लिटरचं टाकं तीन-चार दिवसांत भरतं, आणि धुण्याचं पाणी त्यातच सोडलं तर एका दिवसात. म्हणून नालीच्या तोंडाशी आम्ही दोन वाटा केल्या. आधी गाळ बसायला हातभर खड्डा आणि जाळी, पुढे एक वाट टाक्यात, दुसरी हत्ती गवताच्या सरीत. धुवायच्या आधी टाक्याच्या वाटेला चिंध्यांचं बूच लावायचं, धुऊन झालं की काढायचं. टाक्यातलं मूत पाणी मिसळून केळीला जातं. खड्ड्यातला गाळ दर दोन दिवसांनी काढावा लागतो, आणि ते काम आता ह्यांच्याकडे दिलं आहे.