नानांची पावती आणि माझी

आमच्या पळसदरीला शेजारी राहणारे नाना रेल्वेतून निवृत्त झालेले. २०२० च्या फेब्रुवारीत मी खोपोलीहून रात्रीच्या लोकलने उतरलो, तेव्हा ते स्टेशनबाहेर भेटले. ऑफिसने गुंतवणुकीचे पुरावे मागितले आहेत, असं मी बोलून गेलो. नाना म्हणाले, "त्यात काय एवढं? बँकेत जा आणि पाच वर्षांची टॅक्स सेव्हिंग एफडी कर. मी कालच केली, पूर्ण दीड लाखाची."

नाना पैशाच्या बाबतीत काटेकोर. त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही. ६ मार्चला कर्जतला जाऊन साठवलेले १,५०,००० रुपये ठेवले. व्याज सहा टक्के, दर तिमाहीला मुद्दलात मिळणारं. पावतीवर मुदत संपण्याची तारीख होती मार्च २०२५. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही ठेव मुदतीआधी मोडता येणार नाही आणि तारणही ठेवता येणार नाही. मी ते वाचलं, पण मनावर घेतलं नाही. एफडी म्हणजे अडीअडचणीला एक टक्का दंड भरून मोडायची, नाहीतर पावतीवर कर्ज काढायचं, हेच मला माहीत होतं.

दोन आठवड्यांनी लोकल बंद पडल्या, कारखानाही बंद झाला. दोन महिने अर्धा पगार आला. त्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडातून गेलं आणि आमच्या घराच्या मागच्या पडवीचे पत्रे उडाले. पाऊस तोंडावर होता. पत्रे, लोखंडी अँगल, मजुरी मिळून ऐंशी हजारांचा अंदाज निघाला. मी पावती घेऊन बँकेत गेलो. खिडकीवरच्या बाईंनी समजुतीने सांगितलं, "साहेब, ही आम्हाला मोडताच येत नाही. सिस्टीम घेतच नाही." मग निदान कर्ज तरी? तेही नाही. पाच वर्षांच्या आत हे पैसे फक्त एका कारणाने निघतात. ठेवीदार गेला, तर नॉमिनीला किंवा वारसाला मिळतात.

हा त्या बँकेचा आडमुठेपणा नव्हता. २००६ साली केंद्र सरकारने या ठेवींची योजना अधिसूचित केली, त्यातच ही अट आहे. वजावट मिळते ती पाच वर्षं पैसे न हलवण्याबद्दल. शेवटी पतसंस्थेकडून १४ टक्क्यांनी ऐंशी हजार घेतले आणि दीड वर्षात फेडले. त्याचं व्याज नऊ हजारांच्या आसपास गेलं. स्वतःचे दीड लाख बँकेत सहा टक्क्यांनी पडून असताना.

खरी चूक मात्र मला वादळानंतरच्या महिन्यात कळली. रिटर्न भरायला कर सल्लागारांकडे बसलो होतो. त्यांनी पगाराचा फॉर्म १६ पाहिला आणि विचारलं, "एवढी एफडी कशाला केलीत? तुमची ८० सी मध्ये जागाच नव्हती."

८० सी ची मर्यादा दीड लाखांची, पण ती सगळ्या गोष्टींची मिळून. पगारातून कापला जाणारा माझा पीएफ वर्षाला ६०,००० होता, एलआयसीचा हप्ता २४,०००, मुलाची ट्यूशन फी १२,०००. हे ९६,००० आधीच भरलेले होते. उरली जागा ५४,००० ची. म्हणजे माझ्या दीड लाखांपैकी तेवढ्यावरच वजावट मिळाली. वीस टक्के आणि सेस धरून ११,२३२ रुपये कर वाचला. बाकीचे ९६,००० कोणत्याही फायद्याशिवाय पाच वर्षं कुलपात. ती रक्कम साध्या एफडीत ठेवली असती, तर पत्र्यांसाठी पतसंस्थेची पायरी चढावी लागली नसती.

तरी मला एक दिलासा वाटत होता, की निदान व्याज करमुक्त आहे. "टॅक्स सेव्हिंग" म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? बँकेने कधी टीडीएसही कापला नव्हता. २०२२ च्या जुलैमध्ये तोही गैरसमज गेला. सल्लागारांनी पोर्टलवर माझं एआयएस उघडलं, तर त्यात बँकेने कळवलेलं व्याज समोर होतं, सुमारे पावणेदहा हजार. त्यांनी दोन गोष्टी नीट उलगडून सांगितल्या. एक, वजावट मिळते ती ठेवलेल्या रकमेवर, आणि ती फक्त त्या एका वर्षी; व्याज हे इतर उत्पन्नात धरून आपल्या स्लॅबप्रमाणे करपात्रच असतं. दुसरं, टीडीएस कापला नाही याचा अर्थ कर नाही असा होत नाही. तेव्हा एका बँकेतलं वर्षाचं व्याज ४०,००० च्या वर गेलं तरच बँक कापायची. आता एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ५०,००० आहे आणि ज्येष्ठांना एक लाख. मर्यादेच्या खालचं व्याज आपणच दाखवायचं असतं.

"पण पैसे तर पाच वर्षांनी मिळणार," मी म्हणालो.

"हातात आले नसले तरी दर वर्षी तुमच्या नावावर जमा होतात. त्या त्या वर्षी दाखवत चला. शेवटी एकदम दाखवायला गेलात तर बँकेने कळवलेल्या आकड्यांशी जुळणार नाही."

आधीच्या वर्षाचं साधारण ९,२०० व्याज मी दाखवलंच नव्हतं. त्यासाठी नव्याने सुरू झालेलं अपडेटेड रिटर्न भरलं. कर, त्यावरचं व्याज आणि वर पंचवीस टक्के जादा. पाच वर्षांचं मिळून व्याज झालं ५२,०२८, आणि माझ्या स्लॅबने त्यातले जवळपास १०,८०० करात गेले.

मग नानांची पावती चुकीची होती का? मी वही घेऊन त्यांच्या ओटीवर गेलो आणि दोघांनी हिशेब मांडला. त्यांचं पेन्शन वर्षाला ६,९०,०००. प्रमाणित वजावट ५०,००० जाऊन ६,४०,०००. पीएफ नाही, विम्याचे हप्ते संपलेले, म्हणजे ८० सी ची जागा पूर्ण मोकळी. काहीच केलं नसतं तर त्यांना ३९,५२० रुपये कर बसला असता. दीड लाख ठेवल्यावर उत्पन्न आलं ४,९०,००० वर, पाच लाखांच्या आत, आणि सवलतीमुळे कर शून्य. शिवाय ज्येष्ठ नागरिक म्हणून ८० टीटीबीखाली ठेवींचं ५०,००० पर्यंतचं व्याजही वजा होत होतं. घरखर्चाला पेन्शन, आजारपणाला रेल्वेचं हॉस्पिटल, शिवाय वेगळी साधी एफडी. कुलपातल्या पैशाची त्यांना पाच वर्षांत एकदाही गरज पडली नाही. बँक तीच, रक्कम तीच. नाना खूप वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, तुझा पीएफ कापतात हे मला सुचलंच नाही रे."

त्यांना सुचायचं कारण नव्हतं. माझा पीएफ माझ्या पगाराच्या स्लिपवर होता, आणि ती दर महिन्याला मलाच मिळत होती.

मार्च २०२५ मध्ये माझ्या खात्यात २,०२,०२८ रुपये जमा झाले. कारखान्यातली तरुण मुलं आता मला विचारायला येतात. मी आधी त्यांना विचारतो, कराची पद्धत जुनी की नवी? नवी असेल तर ८० सी ची वजावटच नाही, मग कुलूप लावून घ्यायचं कशाला? २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. त्यामुळे आमच्या लाइनीतल्या बहुतेकांना या ठेवीची गरजच उरलेली नाही, नानांनाही नाही. राहतात ते मोठ्या पगाराचे, ज्यांचं घरकर्जाचं व्याज आणि घरभाडं मिळून जुनी पद्धत खरोखर स्वस्त पडते. त्यांनीही आधी दोन्ही पद्धतींनी कर काढावा, पीएफ वजा करून उरलेली जागा मोजावी आणि तेवढीच रक्कम ठेवावी, तीसुद्धा अडीअडचणीचे पैसे बाजूला काढल्यावर.

परवा एक जण पतसंस्थेची पाच वर्षांची पावती घेऊन आला. तिथल्या एजंटने करबचत होईल असं सांगितलं होतं. मी त्याला सांगितलं, ही वजावट शेड्यूल्ड बँकेत या योजनेखाली ठेवलेल्या ठेवीवर मिळते, किंवा पोस्टाच्या पाच वर्षांच्या ठेवीवर. पतसंस्थेच्या पावतीवर नाही. सुदैवाने त्याची पावती मोडता येण्यासारखी होती.

माझे दोन लाख मी चार पावत्यांत विभागले, पन्नास-पन्नास हजारांच्या, साध्या, एका वर्षाच्या. वरचे दोन हजार पडवीच्या पन्हळीला गेले.