मॅडम, पत्र द्याल का?

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत पीएच.डी.च्या अर्जांची मुदत १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान संपते. आमच्याकडे तेव्हा सत्र परीक्षा, तोंडी परीक्षा आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. रसायनशास्त्राच्या विभागात शिकवणाऱ्या प्रत्येकाला नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मेल येऊ लागतात, ‘एलओआर हवं होतं, जरा अर्जंट आहे.’ एलओआर म्हणजे शिफारसपत्र. मी अशी पत्रं बरीच वर्षं लिहिते आहे आणि आमच्याकडच्या निवडीसाठी इतरांनी लिहिलेली वाचतेही. त्यामुळे पत्र कसं मागावं याबद्दल माझी काही ठाम मतं झाली आहेत.

पहिलं मत असं की, मागताना प्रश्न बदलायला हवा. ‘पत्र द्याल का?’ याला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. समोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला नकार देणं जड जातं, म्हणून ‘देते, ये’ असं म्हटलं जातं. मग जे पत्र तयार होतं त्यात ‘विद्यार्थी हुशार, मेहनती व शिस्तप्रिय आहे’ यापलीकडे काही नसतं. निवड समितीच्या हाती असं पत्र पडलं की एवढंच कळतं, शिक्षकाला हा मुलगा नीट आठवत नाही. चांगले गुण असलेल्या अर्जालाही ते खाली ओढतं. त्याऐवजी विचारावं, ‘माझ्या कामाबद्दल तुम्हाला नेमकं आणि मनापासून लिहिता येईल का? नसेल जमणार तर मी दुसऱ्या कोणाला तरी विचारेन, कृपया संकोच करू नका.’ या दुसऱ्या वाक्यामुळे शिक्षकाला मान राखून नाही म्हणता येतं. आणि विद्यार्थ्याला त्या नकाराचा फायदाच असतो, कारण एक कोमट पत्र टळतं. मात्र हे वाक्य तेव्हाच खरं वाटतं जेव्हा दुसऱ्या कोणाला विचारायला वेळ उरलेला असतो. म्हणून सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे शक्यतो दिवाळीच्या सुट्टीआधी विचारावं.

हो म्हटल्यानंतर शिक्षकाची खरी अडचण सुरू होते, ती आठवणीची. पत्रासाठी लागतो प्रसंग, आणि दोन वर्षांपूर्वीच्या वर्गातल्या एकाचा प्रसंग आयत्या वेळी आठवत नाही. गेल्या काही वर्षांत मला आलेल्या मेलांपैकी एका विद्यार्थिनीचा मेल म्हणूनच लक्षात राहिला. तिचा एम.एस्सी.चा प्रकल्प चांदीच्या नॅनोकणांवर होता. हे कण नायट्रोफेनॉलच्या अभिक्रियेचा वेग किती वाढवतात ते ती मोजत होती. तिने साधारण असं लिहिलं होतं:

‘मॅडम, तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात मी तुमच्याकडे प्रकल्प केला. सुरुवातीला सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळत नव्हते. सकाळी केलेलं बोरोहायड्राइडचं द्रावण दुपारी वापरल्यामुळे तसं होत असेल, अशी शंका मी तुमच्याकडे बोलून दाखवली होती. त्यानंतर प्रत्येक वेळी ताजं द्रावण करून सगळे प्रयोग पुन्हा केले. त्या वहीची पानं जोडते आहे. सेमिनारमध्ये मात्र माझी मांडणी कमी पडली होती, हेही तुम्हाला आठवत असेल. बाकीच्या दोन पत्रांपैकी एक मला शिकवणारे सर देत आहेत, दुसरं उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपचे मार्गदर्शक. तुम्ही प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल लिहिलंत तर माझ्या अर्जाला त्याची सर्वांत जास्त मदत होईल.’

सोडियम बोरोहायड्राइड पाण्यात हळूहळू विघटित होतं, त्यामुळे शिळ्या द्रावणाचा जोर कमी होतो. हे पुस्तकात आहेच. पण स्वतःच्या न जुळणाऱ्या आकड्यांवरून तिथपर्यंत पोचणं आणि मग झालेलं काम बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात करणं, यातून संशोधनाला लागणारा स्वभाव दिसतो. त्या एका प्रसंगावर माझा अर्ध्या पानाचा मजकूर उभा राहिला. तिने स्वतःचं कौतुक केलं नव्हतं. काय घडलं तेवढं सांगितलं आणि पुरावा जोडला. कौतुक करायचं की नाही, हे माझ्यावर सोडलं. कोणत्या पत्रात काय येणार हे सांगितल्यामुळे तिघांनी मिळून गुणपत्रिकाच तीनदा वाचून दाखवायचा प्रकारही टळला.

आपल्याकडे एक रूढ पद्धत आहे. वरिष्ठ म्हणतात, ‘मजकूर तयार करून आण, मी सही करतो.’ कामाच्या रगाड्यात ते असं का म्हणतात हे मला समजतं, तरी ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. विद्यार्थ्याने स्वतःच लिहिलेली तीन पत्रं एकाच आवाजात बोलतात. तेच शब्द, वाक्यांची तीच घडण, आणि वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं. शिवाय असा उमेदवार स्वतःची तुलना इतरांशी करू शकत नाही, आणि समितीला तर तीच हवी असते. अर्जासोबतच्या फॉर्ममध्ये शिक्षकाला विचारलेलं असतं की हा विद्यार्थी तुमच्या पाहण्यातल्या वरच्या पाच टक्क्यांत बसतो, दहा की पंचवीस. मजकूर तयार करून आणायला सांगणारे वरिष्ठ भेटले तर नम्रपणे म्हणावं, ‘सर, पत्र तुमच्याच शब्दांत असावं अशी विद्यापीठाची अपेक्षा आहे. तुमचा वेळ वाचावा म्हणून मी मुद्दे आणि तारखा एका पानावर लिहून आणल्या आहेत.’ बहुतेकांना एवढं पुरतं.

गोपनीयतेचा प्रश्नही याला जोडलेला आहे. १९७४ च्या एका अमेरिकन कायद्याने तिथल्या विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी पाहायचा हक्क दिला, म्हणून अर्जात विचारतात की हे पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का. सोडावा. त्यामुळे पत्राला वजन येतं. आणि एकदा सोडला की ‘मॅडम, एकदा वाचायला मिळेल का?’ असं विचारू नये.

बाकीची तयारी साधी आहे. सगळी विद्यापीठं एका तक्त्यात द्यावीत. विद्यापीठ, विभाग, मुदत आणि ती मुदत भारतीय वेळेनुसार किती वाजता संपते, एवढे रकाने पुरतात. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे ११.५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०.२९ होतात, पश्चिम किनाऱ्यावर दुपारचे १.२९. अर्जात शिक्षकाचा संस्थेचाच ईमेल पत्ता भरावा, कारण जीमेलवरून आलेल्या पत्राकडे काही ठिकाणी संशयाने पाहतात. अर्जात पत्ता भरला की विद्यापीठाकडून शिक्षकाला आपोआप दुवा जातो. काही ठिकाणी मात्र अर्ज सादर केल्यावरच जातो, तेव्हा ते आधी तपासावं. सगळे दुवे एकाच दिवशी पाठवावेत आणि तसं कळवावं, कारण असले मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडतात. दुवा मिळाला नाही म्हणून राहिलेली पत्रं, विसरून राहिलेल्या पत्रांइतकीच असतात असं मला वाटतं.

आठवण करून द्यायला संकोच वाटू देऊ नये. मुदतीच्या दहा दिवस आधी एक आणि तीन दिवस आधी एक, दोन्ही दोन ओळींच्या, तक्ता पुन्हा जोडून. दुसऱ्या आठवणीलाही उत्तर आलं नाही तर विभागात जाऊन भेटावं, आणि चौथ्या व्यक्तीला आधीच विचारून ठेवलेलं असावं. पत्र मुदतीनंतर काही दिवसांनी पोचलं तरी बरीच विद्यापीठं ते स्वीकारतात, पण अर्ज मात्र वेळेतच सादर व्हायला हवा.

निकाल लागले की तेही कळवावेत, नकारासकट. आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशाला अनेक अमेरिकन विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं. दोन ठिकाणांतून निवड करायची असेल तर त्या आठवड्यात पत्र देणाऱ्यालाच विचारावं. तुमच्या कामाची नुकतीच उजळणी केलेली असल्यामुळे कोणता गट तुम्हाला मानवेल, याचा अंदाज त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला नसतो.